कोड कोणाच्या हाती?

आयकराच्या संकेतस्थळावर प्रवेश मिळेनासा झाला की सामान्यतः संकेतस्थळाला दोष दिला जातो. पुष्कळदा मात्र ते आपले काम चोख बजावीत असते. मागितलेला सहा अंकी कोड ते पाठविते, पण तो जातो नोंदीतल्या जुन्या क्रमांकावर. अशा वेळी पुन्हा पुन्हा कोड मागविणे व्यर्थ असते.

एका व्यापारी कुटुंबातील मातोश्रींचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. वर्षाला ठेवींचे व्याज 3,60,000 रुपये; अन्य उत्पन्न नाही. करकपात होऊ नये म्हणून बँकेला द्यावयाचा 15एच फॉर्म त्या वर्षी राहून गेला आणि दहा टक्के दराने 36,000 रुपये कापले गेले. कर शून्य, म्हणून सारी रक्कम परत मिळणार होती. पण त्यासाठी विवरणपत्र भरणे आवश्यक होते. पासवर्ड फक्त दिवंगत यजमानांना ठाऊक होता. मुलाने `Forgot Password?` हा मार्ग धरला, तेव्हा कोड यजमानांच्या क्रमांकावर गेला. ते सिमकार्ड केव्हाच बंद झाले होते.

मुलगा म्हणाला, "आई, आधारवर तर तुझाच क्रमांक असेल ना?" त्याने आधारचा मार्ग घेतला, कोड आला नाही. आधार काढतानाही घरातला एकच मोबाईल, म्हणजे यजमानांचाच, लिहिला गेला होता.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, मोबाईल क्रमांक तीन स्वतंत्र वह्यांत लिहिलेला असतो: आयकर संकेतस्थळावरील खात्यात, आधारमध्ये आणि बँकेत. एका वहीतील दुरुस्ती दुसऱ्या वहीत आपोआप उतरत नाही. म्हणून अडचण आली की प्रथम या तिन्हींपैकी कोणत्या ठिकाणी चालू क्रमांक आहे, हे शोधावे. आधारमध्ये कोणता क्रमांक आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर तपासता येते. बँकेचे व्यवहार-संदेश ज्या मोबाईलवर येतात, तोच बँकेतील क्रमांक.

मातोश्रींची तिसरी वही शाबूत होती. यजमानांच्या निधनानंतर खात्यावरील नाव बदलताना शाखेतील कर्मचाऱ्याने त्यांचा स्वतःचा क्रमांक नोंदवून घेतला होता. नेट बँकिंग मात्र त्यांनी कधी घेतले नव्हते. शाखेत अर्ज दिला, खात्याला पॅन जोडलेला आहे याची खात्री करून घेतली आणि काही दिवसांत ती सोय सुरू झाली. बँकेच्या नेट बँकिंगमधूनच आयकर संकेतस्थळावर जाता येते. तेथे आयकराचा पासवर्डही लागत नाही आणि जुन्या क्रमांकावरचा कोडही लागत नाही.

आत गेल्यावर मुलाने विवरणपत्राकडे वळण्यापूर्वी `My Profile` मध्ये मोबाईल व ई-मेल बदलले. या वेळी कोड नव्या क्रमांकावर आणि नव्या ई-मेलवर आले. ई-मेलही पाहिलाच पाहिजे, कारण विभागाच्या नोटिसा तेथेही येतात. त्यानंतर नवा पासवर्ड ठेवला आणि मग विवरणपत्र भरले.

एक टप्पा तरीही उरतो. भरलेले विवरणपत्र 30 दिवसांच्या आत पडताळावे लागते. 1 ऑगस्ट 2022 पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. पडताळणी न झाल्यास विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. आधारचा कोड मिळत नसल्याने मातोश्रींची पडताळणीही नेट बँकिंगमधूनच झाली. तीही सोय नसेल, तर पोचपावतीवर सही करून ती बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे त्याच मुदतीत पोचेल अशी टपालाने पाठविता येते. आणि तिन्ही वह्या जुन्याच असतील, तर बायोमेट्रिक ओळख पटवून आधार केंद्रात क्रमांक बदलून घेणे किंवा स्वतःच्या नावाची, पॅन असलेली डिजिटल स्वाक्षरी काढणे, हे मार्ग राहतात.

व्यापारी घरांत आणखी एक रूढी आहे. कर सल्लागार किंवा दिवाणजी सोयीसाठी साऱ्या कुटुंबाच्या खात्यांवर स्वतःचा क्रमांक घालतात. ते काम सोडतात. क्रमांक मात्र नोंदीत राहतो. बंद झालेला क्रमांकही कायमचा पडून राहत नाही. किमान 90 दिवस तो कोणाला दिला जात नाही. त्यानंतर तो अनोळखी ग्राहकाकडे जाऊ शकतो. तेव्हा आपला कोड त्याच्या हाती पडतो आणि विभागाचे संदेशही तोच वाचतो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांचे सिमकार्ड बंद करण्यापूर्वी तो क्रमांक कोणाकोणाच्या खात्यावर आहे, याची पॅनवार यादी करावी. तो चालू आहे तोवर प्रत्येक खात्यात शिरून बदल करणे काही मिनिटांचे काम असते. मातोश्रींच्या बाबतीत त्यालाच तीन आठवडे लागले.