दमलेल्या बॅटरीवर भरलेली टाकी

शिरोळ भागात उसावर फवारणी करताना माझी एक बॅटरी फुगली. एप्रिलची दुपार होती आणि बांधाकडचा एक तुकडा राहिला होता. "एवढं उरकून टाका की, परत कशाला हेलपाटा," मालक म्हणाले. बॅटरी अजून निम्मी आहे असं बघून मी दहा लिटरची टाकी पुन्हा भरली आणि ड्रोन उचलला. उतरल्यावर बॅटरीला हात लावला तर चटका बसला. तिचं पोट सुटलं होतं.

टाकी भरलेली असताना आमचा ड्रोन साधारण २५ किलोचा असतो, औषध संपलं की १५ चा. हवेत तरंगायला लागणारी शक्ती वजनापेक्षा वेगानं बदलते. शेवटी ती निम्म्याहून कमी लागते. म्हणून ताज्या बॅटरीवर एकच टाकी मारली तर ओझं आणि बॅटरीचा दम बरोबरीनं उतरत जातात. मी हा मेळ मोडला होता.

भरलेल्या टाकीला सुमारे ८० अँपिअर करंट लागतो. नव्या सेलचा अंतर्गत रोध २ मिलिओहम धरला, तर त्याच्या आतच १३ वॅट उष्णता होते. सेल जुना होऊन रोध ५ वर गेला की तीच ३२ वॅट होते. शिवाय भाराखाली त्याचा व्होल्टेज ०.४ नं खाली बसतो. मधल्या सेलला तर दोन्हीकडून शेजारी, उष्णता जाणार कुठं? ६० अंशांच्या वर आतला द्रव विघटित होऊन वायू सुटू लागतो. भोवती पत्र्याचा डबा नसतो, नुसती ॲल्युमिनियमची पातळ पिशवी असते. ती फुगते.

मग धोक्याचा इशारा का वाजला नाही? आमच्या ड्रोनवर सहा-सहा सेलच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि इशारा एकूण व्होल्टेजवर लावलेला, ४२ ला. अकरा सेल ३.६ वर असले की ३९.६ होतात. बारावा २.४ पर्यंत बुडाला तरी बेरीज ४२ भरतेच! सेल ३ च्या खाली गेला की नुकसान सुरू होतं. फार खाली गेला तर आतल्या पट्टीचं तांबं द्रवात विरघळतं आणि पुढच्या चार्जिंगला भलत्याच जागी साचून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. म्हणून फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही आणि पुन्हा चार्जही करायची नाही.

घरी आल्यावर चार्जरवर नुसता रोध मोजला. पाच सेल २ ते ३ मिलिओहमच्या दरम्यान होते, चौथा ७. तो एका दिवसात तिथं गेला नसणार. मी फक्त बेरीज बघत होतो. आता दर आठवड्याला प्रत्येक सेलचा आकडा मार्करनं बॅटरीच्या पाठीवर लिहितो, आणि शेतावर कोणी कितीही आग्रह केला तरी टाकी भरायच्या आधी बॅटरी बदलतो.