पेल्यांची अठ्ठी

प्रिय सखी,



तुझे पत्र परवा दुपारी आले. सोबतचा फोटोही पाहिला. हिरव्या चादरीवर मांडलेली पाच पाने, आणि मधोमध पेल्यांची दुर्री. एकमेकांसमोर पेले धरून उभे असलेले ते दोघे. खाली तू लिहिले आहेस, "अकराव्या खेपेला आली. हेच खरे उत्तर ना गं?"

त्या एका ओळीने माझी झोप उडाली. कारण तुला अकरा वेळा पत्ते मांडायला लावले ते मीच. गणपतीनंतरच्या त्या रविवारी माझ्या घरी तुझी पाच पाने उघडली, तेव्हा चारांचा अर्थ मी सरळ सांगितला आणि एकाच्या वेळी तुझे डोळे पाहून कच खाल्ली. त्याची दुरुस्ती म्हणून हे पत्र.

आधी तुझ्या दुर्रीचे पाहू. टॅरोच्या कॅटात 78 पाने. त्यांतली पाच काढली, तर मनातले एखादे ठरावीक पान त्यांत असण्याचा संभव सुमारे सोळात एक. पण पुन्हा पुन्हा पिसून अकरा वेळा मांडले, की तेच पान एकदा तरी येण्याचा संभव निम्म्याहून थोडा अधिक होतो. म्हणजे दुर्री आली यात नवल काहीच नाही. नवल आहे ते आधीच्या दहा मांडण्यांचे. त्या तू वाचल्याच नाहीस, नुसत्या गोळा करून पुन्हा पिसल्यास. एका प्रश्नाला एकच मांडणी, आणि परिस्थिती बदलल्याखेरीज दुसरी नाही, हा नियम आम्ही पाळतो तो यासाठीच.

दुसरी गोष्ट मी तुला पूर्वीच सांगायला हवी होती. या पत्त्यांना त्याच्या मनातले काही कळत नाही. पंधराव्या शतकात इटलीत ते निघाले ते खेळायला. त्यांत भविष्य पाहण्याची टूम त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी आली. आपल्या कॅटावरची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली आणि 1909 साली ती लंडनला छापली गेली. त्याआधीच्या बहुतेक कॅटांत लहान पानांवर नुसते मोजून पेले नाहीतर तलवारी असत. या बाईंनी बहुतेक पानांवर माणसे आणली, आणि माणसे दिसली की पाहणारा आपले बोलू लागतो. मी पान वाचते त्याहून अधिक लक्ष देऊन ते बोलणे ऐकते. त्या रविवारी तू काय काय बोललीस, ते आठव.

पहिली जागा तुझी होती. तिथे पेल्यांची पंजी आली. काळा झगा पांघरलेला माणूस तीन उपड्या पेल्यांकडे पाहत उभा आहे. मागे दोन पेले उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. तू पाहताक्षणी म्हणालीस, "ही मी." मला काही सांगावेच लागले नाही.

दुसरी जागा त्याची. तिथे पेल्यांची अठ्ठी. रात्र आहे, वर चंद्र आहे, आणि तांबडा झगा घातलेला एक माणूस हातात काठी घेऊन डोंगराकडे निघाला आहे. आपल्याकडे त्याची पाठ आहे. तू म्हणालीस, "पण बघ ना, पेले कसे नीट मांडून ठेवलेत! एकही सांडलेला नाही. त्याला अजून माया आहे म्हणूनच ना?"

सखी, त्या पानाचे सारे दुःख तिथेच आहे. पेले सांडलेले असते, तर भांडण झाले असे म्हणता आले असते. भांडण मिटते, कुणी चार शब्द मागे घेतो, कुणी रडतो. हा माणूस चिडून निघालेला नाही. त्याने सारे नीट लावले आणि मग तो उठला. तूच सांगितलेस, की त्याने तुझी पुस्तके, छत्री आणि डबा आणून दिला. महाबळेश्वरच्या सहलीच्या हिशेबातले तुझे साडेतीनशे रुपयेसुद्धा पाकिटात घालून दिले. ज्याला परत यायचे असते, तो काहीतरी विसरून जातो गं.

तिसरी जागा तुम्हां दोघांमधल्या नात्याची. तिथे तलवारींची तिर्री. पावसात एक लाल हृदय आणि त्यातून आरपार तीन तलवारी. हिच्यावर मी काय बोलणार? तू रडलीस, मी चहा ठेवला.

आणि चौथे पान, पेल्यांची छक्की. जुन्या बागेत दोन लहान मुले, फुलांनी भरलेले पेले. तुझा चेहरा उजळला, आणि मी पटकन म्हणून गेले, "जुने माणूस परत येण्याचे पान आहे हे." काही पुस्तकांत तसा अर्थ दिलेला आहे; अगदीच खोटे मी बोलले नाही. पण पानाचा अर्थ ते कोणत्या जागी पडले यावर ठरतो, आणि ती जागा होती 'जे तुला दिसत नाही' त्याची. तिथे छक्कीचा अर्थ एकच निघतो. तू ज्याची वाट पाहतेस तो आजचा नाही, चार वर्षांपूर्वीचा आहे. त्या पानाकडे बघत तू पहिल्या पावसाळ्यातले सांगत राहिलीस, स्टेशनवर तो कसा भिजत उभा राहायचा ते. मी विचारले, "आणि गेल्या पावसाळ्यात?" तेव्हा तू खिडकीबाहेर पाहू लागलीस. ते गप्प राहणे मी ऐकले होते, आणि तरी तुला आशेचे बोट धरू दिले. क्षमा कर.

पाचवे पान पुढच्या पावलाचे, चार तलवारींचे. देवळात थडग्यावर हात जोडून आडवा पडलेला योद्धा. तू घाबरलीस, पण ते मरणाचे पान नव्हे. तीन तलवारी भिंतीवर टांगलेल्या आहेत, चौथी त्याच्या खाली ठेवलेली आहे. लढाई थांबवून निजण्याचे ते पान आहे. तुझ्यापुरता अर्थ असा, की त्याला फोन करायचा नाही, त्याच्या बहिणीकडून बातम्या काढायच्या नाहीत, आणि पत्तेही मांडायचे नाहीत.

तो कधीच येणार नाही, असे पाने म्हणत नाहीत. तसे सांगण्याची त्यांची शक्तीच नाही. पण त्यासाठी पाने लागतातच कशाला? त्याने स्वतः, समोर बसून, स्पष्ट शब्दांत तुला सांगितले आहे. ते उत्तर तुला एकदाच मिळाले, आणि ते बदलावे म्हणून तू अकरा वेळा पिसलेस.

तुझा कॅट फडक्यात बांधून माझ्याकडे घेऊन ये. भाऊबीज झाली की चार दिवस राहायलाच ये. पंजीतल्या त्या माणसाच्या मागे उभे असलेले दोन पेले कोणते, ते मला ठाऊक नाही. ते तुला सापडायचे आहेत. मात्र त्यासाठी आधी मान वळवावी लागेल, आणि तेवढे होईपर्यंत मी तुझ्याजवळ बसेन. पत्ते कपाटात राहतील.

तुझीच,
पानांपेक्षा तुला अधिक ओळखणारी