फुकटच्या १०० जीबीची मुदत संपली की काय होतं

आवणीच्या आधी बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितोय. मे २०२५ मध्ये एअरटेलने पोस्टपेड आणि वायफायवाल्यांना गूगल वनची १०० जीबी जागा सहा महिने फुकट जाहीर केली होती. सहा महिन्यांनंतर बंद केलं नाही तर महिन्याला १२५ रुपये बिलात लागणार, हे तेव्हाच सांगितलेलं. म्हणजे वर्षाला दीड हजार. एवढ्यात युरियाच्या पाच गोण्या येतात, म्हणून आम्ही बंद करायचं ठरवलं.

गूगलची कायमची फुकट जागा १५ जीबी. त्यात फोटो, मेल आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळं आलं. सहा महिन्यांत आमचं ३८ जीबी भरलेलं: फोटो २९, व्हॉट्सॲप ६, मेल ३. खाचरातल्या आडव्या पडलेल्या भाताचे, फुटलेल्या बांधाचे फोटो त्यातच. पंचनाम्याला तेच लागतात.

लोकांना वाटतं मुदत संपली की फोटो उडाले. तसं नाही. जुने तिथंच राहतात, पण नवीन चढत नाहीत, व्हॉट्सॲपचा बॅकअप थांबतो, आणि मेल येणं-जाणं बंद होतं. बँकेची, विम्याची मेल आली नाही तर कळतही नाही, खरी अडचण ही. दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलात तर मात्र गूगल सगळं काढून टाकू शकतं.

दुसरी गोष्ट, फोन भरला की ॲप `Free up space` म्हणतं. ते दाबलं की फोनमधली प्रत जाते आणि फोटो फक्त वरती उरतो. तुमचे किती फोटो असे आहेत ते बघायला नेट बंद करून जुना फोटो उघडा. धूसर दिसला, मोठा होईना, तर तो फोनमध्ये नाही.

आम्ही पोराच्या कॉम्प्युटरवर `takeout.google.com` उघडलं, सगळ्या खुणा काढून फक्त फोटो ठेवले आणि १० जीबीचे तुकडे निवडले. तीन झिप फायली तयार झाल्या. लिंक मेलवर येते, ती आठवडाभरच चालते, आणि आपल्याकडच्या रेंजला एक तुकडा रात्रभर उतरतो. म्हणून हे काम मुदत संपायच्या आधी, मेल चालू असतानाच करा. फायली ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकल्या, उघडून चारपाच फोटो आणि एक व्हिडिओ बघितला.

त्यानंतरच वरचे २४ जीबी काढले, आधी व्हिडिओ, कारण जागा तेच खातात. ध्यानात ठेवा, फोटोच्या ॲपमधून काढलं की फोनमधूनही जातं. शेवटी तिथली कचरापेटी रिकामी केली. आता १४ जीबीवर आहे. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायची खूण सेटिंगमध्ये आहे, ती काढली की अजून थोडी जागा सुटेल.