अर्धा सूत

माझा भाचा भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आणि माझ्या संसारात एक नवाच कोश शिरला. त्याचे अर्धे शिक्षण संगणकाच्या पडद्यावर आणि अर्धे लेथपाशी. पडद्यावर सगळे इंग्रजी. लेथपाशी मिस्त्रींची भाषा. "मामा, मराठीचे प्राध्यापक ना तुम्ही? मग दोन्हींचा एक कोश करून द्या," असे त्याने म्हटले आणि मी हुरळलो. आता कबूल करायला हरकत नाही, पण पहिल्या आठ दिवसांत मी असे काही भारदस्त शब्द घडवले की ते वाचून मिस्त्री नुसते हसले. मग गुपचूप मी त्यांचेच शब्द टिपून घेऊ लागलो.

त्यातला 'फिलेट' हा शब्द मला फार नडला. आमच्या हिला तो ठाऊक होता, पण मासळीच्या संदर्भात! वेल्डरच्या तोंडी फिलेट म्हणजे दोन पत्र्यांच्या काटकोनी कोपऱ्यात भरलेला जोड. ड्रॉइंग शिकवणारे आतल्या कोपऱ्याच्या गोलाईलाच फिलेट म्हणतात, बाहेरच्या कडेच्या गोलाईला ते 'राउंड' म्हणतात. पडद्यावरच्या FILLET या आज्ञेला मात्र आतबाहेर काही कळत नाही. दोन रेघा दाखवा, Radius सांगा, की ती मधे कंस ओढून मोकळी. मिस्त्री या साऱ्याला 'गोलाई' म्हणतात. मीही कोशात तेच लिहिले. त्याच्या खालच्या ओळीत, मापांच्या सदरात, मोठ्या अभिमानाने नोंदवले : एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३.१७५ मिलिमीटर.

या दोन ओळींनी मिळून घोटाळा केला.

एका दांड्याचे काम होते. दांडा २० मिलिमीटर जाडीचा; पुढे तो जाड होतो आणि तिथे पायरी तयार होते. त्या पायरीला टेकून ६२०४ नंबरचे बेअरिंग बसवायचे. (या नंबरातल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की भोकाचे माप निघते, ही गंमत मला तिथेच कळली.) पायरीच्या मुळाशी गोलाई हवीच. कोपरा धारदार राहिला तर फिरत्या दांड्यावरचा सगळा ताण तिथे एकवटतो आणि तडा तिथूनच जातो. मिस्त्री भाच्याला म्हणाले, "अर्धा सूत गोलाई ठेव." भाच्याने माझा कोश उघडला, भागाकार केला आणि १.६ हा आकडा टाकला. त्या ड्रॉइंगवरून तीन दांडे निघाले.

बेअरिंग चढवले, पण ते पायरीला टेकेना. ठोकून पाहण्याआधी मिस्त्रींनी फटीत फीलर गेजची पाती घातली. ती सरळ आत गेली. कारण साधे होते. बेअरिंगच्या आतल्या कडीचा कोपराही थोडा गोल असतो. ६२०४ ला ती गोलाई कमीत कमी १ मिलिमीटर धरतात, म्हणून दांड्यावरची गोलाई १ च्या वर जाता कामा नये. ती १.६ झाली की कडी गोलाईवरच चढून बसते, पायरीपर्यंत पोहोचतच नाही. असे बेअरिंग तिरके राहते, आवाज करते आणि लवकर मरते.

मी ओशाळून मिस्त्रींना विचारले, "पण अर्धा सूत तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो की! पण सर, अर्धा सूत म्हणजे जराशी. मी माझ्या हाताने करतो तेव्हा टूलचं नाक रेडियस गेजला लावून बघतो आणि बेअरिंग घालूनच सोडतो. पोरानं ते मोजून टाकलं!"

सुताचे माप मी अचूक दिले होते, पण बोलण्यातला सूत मला समजलाच नव्हता. घरी 'चिमूटभर हिंग' असे सांगितल्यावर कोणी तराजू आणत नाही, हे मला एरवी कळते!

नशीब एवढेच की चूक जास्त गोलाईची होती. कोपऱ्यात धातू शिल्लक होता, तेव्हा ०.८ मिलिमीटर नाकाच्या टूलने तो पुन्हा खरवडता आला आणि तिन्ही दांडे वाचले. कोपरा गरजेपेक्षा धारदार कापला असता तर गेलेला धातू परत कुठून आणणार?

त्या रात्री मी कोशातली गोलाईची नोंद फाडून टाकली आणि तिच्या तीन नोंदी केल्या : वेल्डची, बाहेरच्या कडेची आणि पायरीच्या मुळाची. शेवटचीपुढे लिहिले, 'बेअरिंग बसणार असेल तर आकडा बेअरिंगच्या तक्त्यातून घ्यावा.' सुताची नोंद मात्र ठेवली, कारण पाइप आणि सळ्यांच्या दुकानात सूत अजून सूतच आहे. फक्त 'अर्धा सूत' असा वेगळा शब्द घालून पुढे अर्थ दिला : 'जराशी. नक्की किती, ते मिस्त्रींना विचारावे.'

भाचा आता Offset घेऊन आला आहे.