पाठचा भाऊ आणि तिसऱ्या घरातला मंगळ

आमच्याकडं थोरल्याच्या पत्रिकेत पाठच्याचं भविष्य बघायची रीत होती. माझा जन्म 1977 च्या शिमग्यातला, मध्यरात्र उलटल्यावरचा. वृश्चिक लग्न आणि तिसऱ्या घरात मकरेचा मंगळ. पुढं दोन वर्षांनी धाकटा झाला, तेव्हा त्याच्या बारशातच चुलतआजी म्हणाली, “थोरल्याच्या तिसऱ्यात मंगळ हाय. बारक्याला जपा.” आईनं हायच खाल्ली. पोराला साधा ताप आला तरी ती माझ्याकडं बघायची.

म्हातारीचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. तिसरं घर धाकट्या भावंडांचं, थोरली बघतात अकराव्यावरून. मंगळ हा धाकट्यांचा कारक, आणि कारकच आपल्या घरात बसला की त्या घराची नासाडी करतो, असा जुना समज.

शेवटी आई पत्रिका घेऊन गावातल्या जोशीकाकांकडं गेली. ते म्हणाले, “वहिनी, एका ग्रहावरनं भाऊ मोजत नाहीत. घराचा मालक कुठं आहे ते आधी बघायचं.” मकरेचा मालक शनी. तो नवव्यात कर्केत बसून सातव्या दृष्टीनं आपल्या घरावर नजर ठेवून होता. वृषभेतल्या गुरूची नववी दृष्टीही तिथंच पडत होती. “धाकट्याला काही होत नाही. मात्र शनी-मंगळ समोरासमोर आहेत, दोघं भांडतील भरपूर.” मग म्हणाले, “हेच पराक्रमाचं घर. दंड, खांदे यावरूनच बघतात. इथं क्रूर ग्रह चांगला, पण फळ उशिरा आणि राबल्यावर. त्यात लग्नाचा मालकच इथं बसलाय. ह्याला आयतं काही मिळायचं नाही.”

भांडलो खरंच. वडील गेल्यावर विहीर आटली, मजूर लावायला पैसे नव्हते. दोन उन्हाळे आम्हीच गाळ काढला, मुरूम फोडला. तो खाली पहार घेऊन, मी वर यारीवर. रोज शिव्यांची लाखोली. एकदा भरलेली बादली निसटून त्याच्या अंगावरच जायची. तो कडेला चिकटला म्हणून वाचला. मी म्हटलं, बास झालं, नको आता. तो खालून ओरडला, “तू दोर धर. माझं मी बघतो.” दुसऱ्या उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, पायाशी झरा फुटला.

पत्रिकेवर माझा विश्वास किती, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पण धाडस आणि धाकटा भाऊ यांना जुन्या लोकांनी एकच घर का दिलं, ते त्या विहिरीवर कळलं. मंगळ माझ्या पत्रिकेत होता, खाली उतरत होता तो. आणि तो खाली आहे म्हणूनच माझ्या हातातला दोर सुटत नव्हता. एकटा असतो तर पहिल्याच उन्हाळ्यात यारी परत देऊन आलो असतो.