मसुदा कोणाचा, सही कोणाची

बँकेतील कर्जाचे करारनामे इंग्रजीत छापलेले असत आणि ऋणको पुष्कळदा मराठीत सही करणारा किंवा अंगठा देणारा असे. अशा वेळी कागदाच्या शेवटी एक निवेदन जोडून घ्यावे लागे: ‘वरील मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखविला व समजावून सांगितला आणि तो मला समजला.’ करारातील एक शब्दही ऋणकोने लिहिलेला नसे. तरी तो करार त्याचाच ठरे, कारण तेथे प्रश्न संमतीचा असे.

आता आपल्या व्यापारी घरांतील मुले शिक्षणासाठी परदेशी अर्ज करतात, तेव्हा त्यांना एक निवेदन द्यावे लागते. हाच विषय का, त्यासाठी आजवर काय केले, पुढे काय करणार, हे त्यात सांगायचे असते. हे निवेदन आई-वडील, शिक्षक, शहरातील सल्लागार आणि अलीकडे संगणकावरील लेखनसाधने अशा अनेक हातांतून जाते. ‘मुलाने वाचले, त्याला पटले, सही त्याची आहे, मग झाले’ असे पालक म्हणतात. मला वाटते, येथे आपण दोन प्रकारच्या कागदांची गल्लत करतो. करारनाम्यात संमती पुरते. निवेदन मागणाऱ्याला मात्र संमती नको असते; अर्जदार विचार कसा करतो हे त्याला पाहायचे असते.

त्यापेक्षा कर्जप्रस्तावाचा दाखला जवळचा आहे. प्रकल्प अहवाल सनदी लेखापाल तयार करतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु मंजुरीपूर्व भेटीत आम्ही दुकानात बसून मालकालाच विचारत असू, ‘तिसऱ्या वर्षी विक्री एवढी वाढेल असे धरले आहे, ते कशावरून?’ काही जण लगेच गिऱ्हाइके, हंगाम, उधारीचे दिवस असे सांगू लागत. काही जण लेखापालांकडे पाहत. कागद दोघांचेही सारखेच सुबक असत.

इंग्लंडमध्ये पदवीच्या प्रवेशाचे अर्ज ‘यूकॅस’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. 2007 साली या संस्थेच्या वतीने सुमारे 50 हजार निवेदने संगणकावर ताडून पाहण्यात आली. त्यांत 234 अर्जदारांनी एकच बालपण सांगितले होते: आठव्या वाढदिवसाला रसायनशास्त्राचा खेळसंच मिळाला, प्रयोग करताना पायजम्याला भोक पडले आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली. ती आठवण एका संकेतस्थळावरील नमुन्यातून उचललेली होती. तेव्हापासून तेथे प्रत्येक निवेदन जुन्या साठ्याशी ताडले जाते आणि साम्य मोठे आढळले तर विद्यापीठांना कळविले जाते. पुढचा निर्णय विद्यापीठाचा. 2026 च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन ठरावीक प्रश्न विचारले जाऊ लागले आहेत. ज्यांच्या घरी मार्गदर्शन करणारे कोणी नाही त्यांना काय लिहावे हे कळावे, हाही त्यामागे एक हेतू होता.

आमच्या माहूरच्या नात्यातील एक मुलगी नांदेडला बी.कॉम. होऊन पुरवठा-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करीत होती. तिच्या वडिलांनी निवेदनाचा मसुदा मला दाखविला. तो एका सल्लागाराकडून आला होता. ‘जागतिकीकरणाच्या युगात’ अशी सुरुवात, लहानपणापासूनची आवड, घराण्याची उज्ज्वल व्यापारी परंपरा. इंग्रजी निर्दोष होते. मी तिला पहिल्या वाक्यावर बोट ठेवून विचारले, ‘हे तुला कोठे दिसले?’ ती गप्प राहिली. नंतर म्हणाली, ‘काका, यात आपले दुकान कुठेच नाही.’

मग दुकानाविषयी मी फक्त प्रश्न विचारले आणि ती मराठीत बोलत गेली. रेणुकामातेच्या नवरात्रात त्यांच्याकडे नारळाचा मोठा खप असतो. माल लवकर भरला तर नारळ सुकतात, काहींना तडा जातो. उशीर केला तर भाव चढलेला असतो. वडील सगळा माल घटस्थापनेपूर्वी एकदमच उतरवून घेत. एका वर्षी 40 पोत्यांपैकी 7 पोती उरली, आणि त्यांतले बरेच नारळ पुढे परत आले. हिने पुढच्या वर्षी नऊ दिवसांची रोजची विक्री वहीत मांडली. खप सारखा नव्हता. पहिल्या माळेला, ललितापंचमीला आणि अष्टमीला उसळी होती. त्यावरून तिने माल दोन खेपांत मागविण्याचे सुचविले. उरलेली पोती दोनवर आली, मात्र दुसऱ्या खेपेचे भाडे वाढले, म्हणून प्रत्यक्ष फायदा तिला वाटला होता तेवढा झाला नाही. हे शेवटचे वाक्य गाळावे असे वडिलांचे मत पडले. मला तेच सर्वांत मोलाचे वाटले, कारण ते ज्याने हिशेब केला तोच लिहू शकतो.

पुढे कामाची वाटणी अशी केली. मराठी टिपण तिचे. त्यावरून इंग्रजी मसुदाही तिनेच लिहायचा, मोडकातोडका का होईना. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी चुकलेल्या जागी केवळ खूण करायची; दुरुस्ती मुलीने करायची. वडिलांनी आकडे तपासायचे, विशेषणे घालायची नाहीत. चार मसुदे झाले. शेवटच्या मसुद्यातही एक-दोन वाक्ये जरा अवघडलेली राहिली आणि बाईंनी ती तशीच राहू दिली, याचे मला कौतुक वाटले.

खरी अडचण भाषांतराची आहे. मराठीत उत्तम लिहिलेले निवेदन यंत्राकडून इंग्रजीत करून घेतले तर ते कोणाचे? विचार मुलीचा, प्रसंग तिचा, शब्द मात्र यंत्राचे. माझे मन सांगते की तिचेच. पण नियम तसे म्हणतीलच असे नाही. कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेने अर्जदारांना दिलेल्या मार्गदर्शनात व्याकरण व शुद्धलेखन तपासण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चालतील असे म्हटले आहे. परंतु आराखडा किंवा मसुदा तयार करून घेणे आणि अन्य भाषेत लिहिलेल्या निबंधाचे भाषांतर करून घेणे या गोष्टी अयोग्य ठरविल्या आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांवर हा नियम कठोर आहे, असे मला वाटते. तरीही तो मान्य करूनच अर्ज करायचा असतो. म्हणून प्रत्येक संस्थेचे नियम अर्ज भरण्यापूर्वी स्वतंत्रपणे वाचावेत. एकीकडे चालते ते दुसरीकडे चालेलच असे नाही.

उलट बाजूचा धोकाही आहे. यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने प्रामाणिक मुलांनाही संशयित ठरवितात. 2023 साली अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी ‘टोफेल’ परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले, तेव्हा सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरविले गेले. ज्यांचा शब्दसंग्रह मर्यादित आणि वाक्यरचना साधी, त्यांचे लेखन या साधनांना यंत्रासारखे वाटते. आपली मुले नेमकी त्यातच येतात.

म्हणून त्या मुलीला मी चारही मसुदे, बाईंच्या खुणांसह आणि तारखा घालून, एका फाईलमध्ये ठेवायला सांगितले आहे. नारळाच्या विक्रीची मूळ वहीदेखील त्याच फाईलमध्ये आहे.