नकाराचें पत्र

गेल्या महिन्यांत एकच पत्र मला तीनदां लिहावें लागलें. पहिलें फाडलें, दुसरें खिशांत घालून दोन दिवस हिंडलों, आणि तिसरें पाठविलें. पत्र प्रेमाचें नव्हतें, राजीनाम्याचेंही नव्हतें. साधें धंद्याचें होतें. परंतु ज्या गृहस्थांना तें जावयाचें होतें, त्यांनीं आमचा लहानसा डिझाइन स्टुडिओ नवा असतांना आमच्यावर पहिला विश्वास टाकला होता, आणि आतां बारा वर्षांनीं मला त्यांना ‘नाहीं’ म्हणावयाचें होतें.

हे गृहस्थ कोल्हापूरकडचे. ते प्रथम आमच्याकडे आले तेव्हां त्यांच्या घरचा कांदा-लसूण मसाला साध्या पिशव्यांतून, वर हातानें लिहिलेली चिठ्ठी चिकटवून विकला जात असे. मसाल्याला त्यांच्या आईचें नांव होतें. तें नांव येथें सांगत नाहीं; त्यांत तीन अक्षरें आहेत आणि मधलें ‘भ’ आहे, एवढें पुढच्या हकीकतीला पुरे. मीं तीं तीन अक्षरें बोरूच्या वळणानें काढलीं, वरची शिरोरेषा उजवीकडे थोडी लांबविली आणि तिचें टोंक खालीं वळवून त्याची पळी केली. रंग एकच, वाळलेल्या मिरचीचा लाल. नमुना पाहून आई म्हणाल्या होत्या, “ही तर माझीच पळी!” आमच्या धंद्यांत याहून मोठी पावती मिळत नाहीं.

गेल्या वर्षीं आई वारल्या. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं चिरंजीवांचें पत्र आलें. बोधचिन्हांत चार फेरफार हवे होते. अक्षरें अधिक जाड करावीं, कारण तीं लहान पुडीवर नीट दिसत नाहींत. लाल रंगाऐवजीं सोनेरी उतरती छटा आणि खालीं सावली द्यावी, कारण शेजारच्या छापा तशा झळकतात. शेजारीं इंग्रजी लिपींत नांव यावें, कारण माल आतां बेंगळुरू-हैदराबादला जातो. आणि पळीच्या जागीं आईंचा फोटो घालावा. ह्या चौथ्या सूचनेला त्यांनीं कारण दिलें नव्हतें. त्याची गरजही नव्हती.

माझें पहिलें पत्र विद्वत्तापूर्ण होतें. दुसऱ्या दिवशीं तें वाचून पाहिलें तेव्हां त्यांत ‘सौंदर्य’ हा शब्द सहादां आला होता आणि ‘मसाला’ हा शब्द एकदांही आला नव्हता. आपल्या हातच्या कामाला कोणी हात लावतो आहे, ह्या रागाला मीं तत्त्वज्ञानाचा अंगरखा चढविला होता. दुसरें पत्र इतकें गोड झालें कीं त्यांतला नकार मलाच सांपडेना.

तेव्हां मीं जें आधींच करावयास हवें होतें तें केलें. त्यांना हवें होतें तसेंच चिन्ह प्रामाणिकपणें तयार केलें, तें लहान पुडीवर असतें तेवढें, म्हणजे १२ मिलिमीटर रुंद छापलें, आणि नवी-जुनी अशा दोन्ही पुड्या आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फळीवर मांडल्या. वाण्यानें माझ्याकडे संशयानें पाहिलें, पण मांडूं दिल्या. मग गिऱ्हाईक जेथें उभें राहतें तेथें, तीन पावलें मागें, जाऊन उभा राहिलों. फोटो म्हणजे एक तपकिरी ठिपका झाला होता. सोनें दुकानाच्या दिव्याखालीं मळकट पिंवळें दिसत होतें. आणि आईंच्या नांवांतल्या ‘भ’चा ‘म’ झाला होता!

देवनागरींत ‘भ’ आणि ‘म’ यांतला मुख्य भेद म्हणजे शिरोरेषेंतली एक बारीक फट. ‘ध’ आणि ‘घ’ यांचेंही तसेंच. अक्षर जाड केलें कीं रेघ दोन्ही बाजूंनीं सुजते आणि पहिल्यानें मरते ती ही फट. त्यावर छापतांना शाई थोडी पसरतेच. मी विजयी मुद्रेनें जुनी पुडी उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि माझी मुद्रा उतरली. आमच्या जुन्या चिन्हांतही, ह्या आकाराला, ती फट अर्धी बुजलेली होती. मोठ्या कागदावर काढलेलें चिन्ह मीं तसेंच्या तसें लहान करून दिलें होतें, आणि बारा वर्षें तें कोणी पाहिलें नव्हतें. ‘नीट दिसत नाहीं’ ही त्यांची तक्रार अगदीं खरी होती. त्यांनीं सुचविलेला उपाय मात्र रोग वाढविणारा होता.

त्याच रात्रीं तिसरें पत्र लिहिलें. त्याचा मुख्य भाग येथें देतों.

“सप्रेम नमस्कार, वि. वि.

“आपल्या चार सूचनांपैकीं पहिलीच्या मागची तक्रार आम्हांस पूर्णपणें मान्य आहे, तिसरी निराळ्या रूपानें मान्य आहे, आणि राहिलेल्या दोन चिन्हांत घेऊं नयेत असें आमचें स्पष्ट मत आहे. कारणें क्रमानें लिहितों.

“लहान पुडीवर नांव नीट वाचतां येत नाहीं हा दोष आमचा आहे. परंतु अक्षरें जाड केलीं तर तीं आणखी बुजतील. सोबत दोन्ही नमुने पाठविले आहेत, ‘भ’कडे पाहावें. यावर उपाय असा कीं लहान आकारासाठीं तेंच चिन्ह वेगळें रेखाटावयाचें: रेघ किंचित् बारीक, ‘भ’ची फट जवळजवळ दुप्पट, पळीची दांडी थोडी आंखूड. पुडी हातांत घेणाऱ्याला फरक कळणार नाहीं, फक्त नांव वाचतां येईल. ह्या कामाचे पैसे आम्ही घेणार नाहीं.

“सोनेरी छटा आणि सावली यांविषयीं. पुडी छापतांना प्रत्येक रंगाला निराळा कोरीव रूळ लागतो आणि धांवत्या फितीवर एकामागून एक रंग उमटतो. त्यांत एखादा रंग अर्ध्या मिलिमीटरानें सरकला तर नवल नाहीं. आपल्या ‘भ’ची फट लहान पुडीवर त्याहून अरुंद आहे, सावली नेमकी तींत जाऊन बसेल. पुढें हेंच चिन्ह माल पाठविण्याच्या तपकिरी खोक्यावर एका रंगांत छापलें जातें. तेथें उतरती छटा बारीक ठिपक्यांनीं दाखवावी लागते, आणि फिके ठिपके उठतच नाहींत. छटा मध्येंच तुटल्यासारखी दिसते. बिलावरच्या रबरी शिक्क्यावर तर छटा नाहींच. म्हणजे एका मसाल्याचीं तीन चिन्हें होतील. शेजारच्या सर्व छापा झळकतात हें खरें. म्हणूनच त्या फळीवर सपाट लाल रंग आपला एकट्याचा आहे. तो आपण होऊन सोडूं नये.

“इंग्रजी नांव हवें, ही गरज खरी आहे. पण तें चिन्हाच्या आंत घातलें तर दोन्ही लिपी लहान होतील. तें चिन्हाखालीं, ठरलेल्या अंतरावर, साध्या अक्षरांत यावें, आणि जेथें माल जातो तेथल्याच पुड्यांवर यावें. हैदराबादच्या गृहिणीला देवनागरी वाचतां येईलच असें नाहीं, पण पळी कळण्यास कोणतीच लिपी लागत नाहीं. तेव्हां जी एक खूण दोन्ही बाजारांत चालते, तीच आपण फोटोसाठीं काढावयास निघालों आहों, हें ध्यानांत यावें.

“जुनी खूण काढल्यास काय होतें याचा एक दाखला देतों. २००९ च्या जानेवारींत अमेरिकेंत ट्रॉपिकाना ह्या छापेच्या संत्र्याच्या रसाच्या खोक्यावरून, नळी खुपसलेलें संत्रें काढून तेथें रसाचा पेला आणला आणि नांवाचीं अक्षरेंही बदललीं. रस तोच होता. दोन महिने भरण्यापूर्वींच विक्री सुमारें २० टक्क्यांनीं उतरली, आणि फेब्रुवारींत जुनें खोकें परत आणण्याचें जाहीर करावें लागलें. तेथें सगळें खोकेंच बदललें होतें, म्हणून आपलेंही तेवढेंच नुकसान होईल असें मी म्हणत नाहीं. पण गिऱ्हाईक फळीवर वाचत नाहीं, ओळखतें. आणि ओळखीची वस्तु दिसली नाहीं तर शेजारची उचलतें. शिवाय आपलें चिन्ह नोंदलेलें आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या चिन्हांत त्याची ओळख बदलेल असा फेरफार करतां येत नाहीं. नवें चिन्ह म्हणून पुन्हा अर्ज करावा लागेल.

“आतां आईंच्या फोटोविषयीं. हें लिहितांना मला संकोच होतो. १२ मिलिमीटरांच्या चिन्हांतल्या चौथ्या हिश्श्यांत चेहरा मावत नाहीं, त्याचा डाग होतो. सोबतचा नमुना पाहून आपल्यालाही तें सोसणार नाहीं. कित्येक जुन्या छापांवर चेहरे आहेत, पण ते पहिल्यापासून आहेत आणि लोकांच्या डोळ्यांना त्यांची संवय झालेली आहे. चिन्हानें सगळें सांगावें अशी आवश्यकताही नसते. स्टेट बँकेनें १९७१ मध्यें घेतलेल्या निळ्या वर्तुळांत ना नाणें आहे ना तिजोरी. लोकांनीं वर्षानुवर्षें त्यांत बँक पाहिली म्हणून ती तेथें दिसते. आपल्या चिन्हांत आई आहेतच. नांव त्यांचें आहे आणि पळी त्यांची आहे. आपणच मला फोनवर सांगितलें होतें कीं, शेवटच्या दोन वर्षांत त्यांना अक्षर दिसत नसे, तरी बाजारांतून जातांना त्या बोट दाखवून म्हणत, ‘तो बघ आपला मसाला.’ ज्या खुणेनें त्यांना मसाला ओळखूं येत होता, ती त्यांच्याच आठवणीसाठीं पुसावी काय?

“फोटो अवश्य घ्यावा. मोठ्या पुडीची मागची बाजू आज जाहिरातीच्या शब्दांनीं भरली आहे. तेथें चेहरा चेहऱ्यासारखा दिसेल एवढा घेऊं, आणि मसाला त्या कसा करीत हें चार ओळींत लिहूं. कळावें, लोभ असावा.”

आठ दिवस उत्तर आलें नाहीं. आमच्या स्टुडिओंतल्या तरुण मंडळींनीं गिऱ्हाईक गेलें असें धरलें, आणि खरें सांगावयाचें तर मींही धरलें. पत्रांतलें आईंविषयींचें वाक्य मी मनांत पुन्हा पुन्हा वाचीत होतों. युक्तिवाद खरा असला तरी दुसऱ्याच्या दुःखाचा उपयोग युक्तिवादासाठीं करण्याचा मला अधिकार होता काय? ह्या प्रश्नाचें उत्तर मला अजूनही नीट देतां आलेलें नाहीं.

नवव्या दिवशीं त्यांचा फोन आला. प्रथम पावसाविषयीं बोलले, मग मिरचीच्या भावाविषयीं. शेवटीं म्हणाले, “फोटो मागें घ्या, पण मोठा. आणि दिवाळीच्या भेटीच्या डब्यावर मला सोनें पाहिजेच.”

डब्यावर सोनें देण्यास माझी हरकत नव्हती. तेथें आकार हाताएवढा असतो, आणि सोनेरी वर्खाचा ठसा म्हणजे शेवटीं एकच सपाट रंग. मीं तसें सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“आणि तेवढा तो ‘भ’ लवकर मोकळा करा,” ते म्हणाले. “बारा वर्षें आईचें नांव चुकीचें छापत होतों कीं काय आपण!”

त्यांनीं ‘आपण’ म्हटलें. चूक माझी एकट्याची होती.